घरमालकाच्या पत्राला उत्तर : अनामत आणि कराराची कलमे

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मुली शिकायला किंवा कामाला नाशकात राहतात. कोणी नर्सिंगला आहे, कोणी सातपूर-अंबडच्या कंपनीत आहे. काही गटांनी शहरात माल विकण्यासाठी छोटी खोली किंवा गाळाही घेतलेला आहे. घर घेताना आपण डिपॉझिट भरतो, म्हणजे अनामत. ते पैसे अनेकदा गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा कांद्याच्या पट्टीतून आलेले असतात. घर सोडताना ते परत मिळतील असे आपण धरून चालतो. मग घरमालकाचे पत्र येते, किंवा व्हॉट्सॲपवर हिशेब येतो, आणि तीस हजारातले पाच-सहा हजारच उरलेले दिसतात.

त्या हिशेबाला उत्तर कसे लिहायचे, एवढेच आज बोलायचे आहे. उत्तर फोनवर द्यायचे नाही, लिहून द्यायचे. आणि त्यात राग नको, कराराच्या कलमांचे क्रमांक हवेत.

समजण्यासाठी मी एक उदाहरण रचले आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंनी मुलीसाठी सातपूर भागात एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. करार ताईंच्या नावावर, अकरा महिन्यांचा, १ जुलै २०२४ ते ३१ मे २०२५. भाडे महिना ७,५०० रुपये, अनामत ३०,००० रुपये. मुदत संपली त्या दिवशी घर रिकामे करून चावी दिली. १२ जूनला घरमालकांचे पत्र आले. त्यात वजावट अशी होती : घराला रंग १२,०००, साफसफाई २,५००, खिडकीची काच ७००, स्वयंपाकघरातला नळ ६००, वीजबिल ८४०, आणि घर सोडताना नोटीस दिली नाही म्हणून एक महिन्याचे भाडे ७,५००. एकूण २४,१४०. हातात येणार ५,८६०.

असे पत्र आले की पहिल्यांदा कपाटातून करार काढायचा. आपण ज्याला भाडेकरार म्हणतो, त्याच्या कागदावर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स करारनामा’ असे छापलेले असते. त्यात घरमालक ‘लायसेन्सर’ असतो आणि आपण ‘लायसेन्सी’. शब्दांना घाबरू नका. कागद सापडत नसेल आणि करार नोंदवलेला असेल, तर त्याची प्रत नोंदणी खात्याकडून मिळू शकते. ज्या एजंटने करार केला त्याच्याकडे दस्त क्रमांक असतो, तो मागून घ्या.

करार सगळा वाचायची गरज आहेच, पण अनामतीसाठी चार जागा शोधायच्या. अनामत कधी आणि कशातून वजा करून परत द्यायची ते कलम. वीजबिल कोणी भरायचे ते कलम. घर कोणत्या स्थितीत परत करायचे ते कलम. आणि मुदतीआधी घर सोडायचे झाले तर काय, ते कलम. प्रत्येक करारात यांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून शेजारणीच्या करारावरून क्रमांक उतरवू नका. आपल्या ताईंच्या करारात ती कलमे ३, ५, ९ आणि १० होती. कलम ३ म्हणत होते की बिनव्याजी अनामत ताबा परत दिल्यापासून १५ दिवसांत परत करायची आणि त्यातून थकलेले भाडे, थकलेले वीजबिल आणि लायसेन्सीकडून झालेले नुकसान एवढेच वजा करायचे. कलम ९ म्हणत होते की घर घेतले त्या स्थितीत परत करायचे, ‘रोजच्या वापराने होणारी साधारण झीज सोडून’. हे शेवटचे सहा शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवावेत इतके मोलाचे आहेत.

आता ताईंचे उत्तर थोडे थोडे वाचू, आणि प्रत्येक तुकडा तसा का लिहिला तेही पाहू. सुरुवात अशी :

“दि. १६ जून २०२५. प्रति, घरमालक, लायसेन्सर. विषय : करारनाम्यातील कलम ३ प्रमाणे अनामत परत मिळण्याबाबत. संदर्भ : १) आपला व माझा नोंदणीकृत करारनामा, दि. १ जुलै २०२४. २) ताबा-पावती, दि. ३१ मे २०२५. ३) आपले पत्र, दि. १२ जून २०२५. स. न. वि. वि. आपले पत्र मिळाले. त्यातील प्रत्येक रकमेबद्दल माझे म्हणणे कराराच्या कलमाप्रमाणे खाली देत आहे.”

दस्त क्रमांक, दोघांची पूर्ण नावे आणि घराचा पत्ता वरच लिहायचा, म्हणजे उद्या हे पत्र तिसऱ्याच कोणी वाचले तरी कशाबद्दल आहे ते त्याला कळेल. हे पत्र खरे तर त्या तिसऱ्या माणसासाठीच लिहायचे असते. घरमालकाला सगळे ठाऊक असते. वकील, लोक अदालतीतले पंच किंवा न्यायाधीश यांना काहीच ठाऊक नसते. म्हणून ‘तुम्ही आमचा विश्वासघात केला’ असली वाक्ये गाळायची. ती खरी असली तरी त्यांना कलम नसते.

पुढे ताईंनी जे देणे लागते ते आधी मान्य केले :

“वीजबिल ८४० रुपये माझ्या वापराचे आहे. कलम ५ प्रमाणे ते मला मान्य आहे. खिडकीची एक काच तडकली होती व तशी नोंद ताबा-पावतीवर आहे. कलम ३ प्रमाणे तिचे ७०० रुपये मला मान्य आहेत. एकूण १,५४० रुपये वजा करण्यास माझी हरकत नाही.”

काहीजणी म्हणतील, आपणहून कशाला कबूल करायचे? कारण काच खरेच तडकली होती, आणि तशी नोंद सहीनिशी आहे. जे देणे आहे ते मान्य केले की बाकीचे नाकारण्याला वजन येते. वाचणाऱ्याला दिसते की ही बाई कलमावर चालते आहे, कलम आपल्या बाजूचे असो की समोरच्याच्या. वीजबिलाची खातरजमा मात्र करायची. चावी दिली त्या दिवशी मीटरचा आकडा किती होता आणि महावितरणच्या बिलात चालू रीडिंग किती आहे, हे दोन्ही जुळवून पाहायचे. बिलातला आकडा पुढचा असेल, तर आपण निघाल्यानंतरचा वापर आपल्या माथी आला आहे.

मग रंग :

“रंगाचे १२,००० रुपये मला मान्य नाहीत. कलम ९ प्रमाणे साधारण झीज सोडून घर पूर्वीच्या स्थितीत द्यायचे आहे. अकरा महिन्यांच्या राहण्याने भिंतीचा रंग मळणे ही साधारण झीज आहे. भिंतींचे वेगळे नुकसान झाल्याची नोंद ताबा-पावतीवर नाही. कलम ३ मध्ये रंगकामाची वजावट लिहिलेली नाही.”

येथे थोडे थांबू या, कारण बहुतेक भांडणे रंगावरच होतात. झीज म्हणजे नीट राहूनही होणारा बदल. चुलीवरच्या भिंतीला तेलकट छटा येते, पलंगामागे भिंत घासते, पडद्याच्या जागेचा रंग बाकीच्यापेक्षा उजळ राहतो. नुकसान म्हणजे आपल्या हातून किंवा दुर्लक्षाने झालेले. भिंतीत खिळे ठोकून प्लास्टर उखडले, लहान मुलाने खडूने सगळी भिंत रंगवली, दार मोडले. पहिल्याचा खर्च घरमालकाचा, कारण तो घर भाड्याने देण्याचाच खर्च आहे. दुसऱ्याचा आपला. मात्र तोही नुकसानापुरता. एका भिंतीचे प्लास्टर उखडले म्हणून सबंध घराचा रंग आपल्या अंगावर टाकता येत नाही. एखादी भिंत खरेच खराब केली असेल, तर तेवढ्या भिंतीचा खर्च पावती पाहून मान्य करा.

पण ही मर्यादा लक्षात ठेवा : काही करारांत ‘घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे वजा केले जाईल’ असे स्पष्ट लिहिलेले असते. त्या कागदावर आपली सही असेल, तर झिजेचा मुद्दा फारसा चालत नाही. अशा कलमाशी भांडायची वेळ सही करण्याआधीची असते. एजंट म्हणतो, ‘मावशी, सगळ्यांचा हाच फॉर्मॅट आहे.’ असेल. तरी ते वाक्य काढून घ्यायला सांगता येते, आणि पुष्कळदा काढतातही.

साफसफाई आणि नळाबद्दल ताईंनी दोनच ओळी लिहिल्या, आणि तेवढ्या पुरेत : “साफसफाईच्या २,५०० रुपयांचा कलम ३ मध्ये उल्लेख नाही. घर झाडून-पुसून दिले, व ताबा-पावतीवर आपण घर स्वच्छ मिळाल्याचे लिहून सही केली आहे. नळाचा वॉशर वापराने झिजला, ती कलम ९ मधील साधारण झीज आहे, म्हणून ६०० रुपयेही मान्य नाहीत.”

नोटिशीचे साडेसात हजार मात्र नीट पाहण्यासारखे आहेत, कारण घरमालकाने येथे कलमाचाच आधार घेतला होता. त्यांचे म्हणणे, कलम १० प्रमाणे एक महिना आधी लेखी नोटीस द्यायला हवी होती. असे ऐकले की आपण गांगरतो. कलम उघडून वाचले, तर ते असे होते : ‘मुदत संपण्यापूर्वी करार रद्द करावयाचा असल्यास एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी.’ ताईंचे उत्तर :

“कलम १० हे मुदत संपण्यापूर्वी करार रद्द करण्याबाबत आहे. मी करार रद्द केलेला नाही. कलम १ प्रमाणे कराराची मुदत ३१ मे २०२५ रोजी आपोआप संपली आणि त्याच दिवशी मी ताबा दिला. त्यामुळे येथे कलम १० लागू होत नाही आणि ७,५०० रुपये वजा करता येत नाहीत.”

समोरच्याने कलम दाखवले तर ते नाकारायचे नाही, सबंध वाचायचे. अर्धे वाक्य एक सांगते आणि पूर्ण वाक्य दुसरेच. मुलीचे कॉलेज बदलले म्हणून ताईंनी मार्चमध्येच घर सोडले असते, तर हेच कलम घरमालकाच्या बाजूने गेले असते आणि एक महिन्याचे भाडे द्यावे लागले असते. काही करारांत ‘लॉक-इन’ असते, म्हणजे पहिले अमुक महिने घर सोडताच येत नाही. तेही बघून ठेवा.

शेवटचा परिच्छेद मागणीचा :

“वरीलप्रमाणे अनामत ३०,००० रुपयांतून १,५४० रुपये वजा जाता २८,४६० रुपये मला येणे आहे. कलम ३ मधील १५ दिवसांची मुदत १५ जून २०२५ रोजी संपली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत रक्कम माझ्या ज्या बँक खात्यातून अनामत दिली होती त्याच खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास हे पत्र मिळाल्याच्या तारखेपासून रक्कम मिळेपर्यंत मी व्याजाची मागणी करीत आहे. नळ किंवा भिंतीच्या नुकसानाबद्दल आपल्याकडे बिले वा फोटो असल्यास त्यांच्या प्रती कृपया पाठवाव्यात. कळावे. सोबत : करारातील कलम १, ३, ५, ९, १० ची पाने, ताबा-पावती, वीजबिल.”

व्याजाची ओळ उगाच नाही. करारात अनामत ‘बिनव्याजी’ असते, ती राहण्याच्या काळासाठी. परत करायची तारीख उलटल्यावर गोष्ट वेगळी. १९७८ च्या व्याज कायद्यात अशी सोय आहे की आपण लेखी मागणी करून व्याज मागणार असे कळवले असेल, तर त्या मागणीच्या तारखेपासून व्याज द्यायचे की नाही याचा विचार कोर्ट करू शकते. फोनवरची दहा भांडणे त्या कामी येत नाहीत, ही एक ओळ येते. बिले मागण्याचेही कारण आहे. बारा हजार हा गोल आकडा आहे. खरेच रंग दिला असेल तर बिल असेल, आणि नसेल तर तेही कळून येईल.

पत्रावर सही करा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. मूळ पत्र पोस्टातून पोचपावतीसह पाठवा. पूर्वी आपण रजिस्टर एडी करायचो. टपालखात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले आहे, म्हणून आता खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, पोचपावतीसह’ असे सांगा आणि मिळालेली पावती पत्राच्या प्रतीला टाचणीने लावा. पत्ता करारात छापलेलाच घाला. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवला तर चांगले, पण पोस्टाऐवजी नको.

आता ज्यांच्याकडे असा नीट करार नाही त्यांचे काय? नाशकात कितीतरी खोल्या तोंडी बोलीवर किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर दिल्या जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ सांगते की असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, जोवर घरमालक त्याच्या उलट सिद्ध करीत नाही. नोंदणी न केल्याबद्दल घरमालकाला दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. तेव्हा ‘तुमच्याकडे काय कागद आहे?’ असे कोणी दरडावले, तर उत्तरात कलम ५५ लिहा आणि ठरलेल्या अटी स्वतःच्या शब्दांत मांडा.

दुसरी अडचण अशी की करारात अनामत दहा हजार लिहितात आणि हातात तीस हजार घेतात. असे करू देऊ नका. केले असेलच, तर उरलेले वीस हजार दिल्याचा बँकेचा उतारा, फोन-पेचा तपशील किंवा घरमालकाचा ‘मिळाले’ असा मेसेज शोधा. रोख दिले आणि पावती नाही, तर कलमे कितीही पाठ असली तरी ते वीस हजार सिद्ध करणे फार कठीण जाते. त्याच भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घेतलेल्या रकमेची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे, म्हणून मागताना संकोच नको.

आणि एक गोष्ट पुष्कळजणी करतात, ती तोट्याची आहे : ‘डिपॉझिट दिल्याशिवाय चावी देणार नाही.’ लायसन्सची मुदत संपल्यावर घर अडवून ठेवले, तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. ताईंनी चावी दोन महिने अडवली असती, तर साडेसात हजारांच्या दुपटीने दोन महिन्यांचे तीस हजार, म्हणजे सगळी अनामत त्यातच गेली असती. चावी वेळेवर द्या, पण नुसती हातात ठेवून येऊ नका. एका कागदावर तारीख, मीटरचा आकडा, प्रत्येक खोलीची स्थिती, काय मोडले असेल ते, आणि ‘चावी व ताबा मिळाला’ असे लिहून घरमालकाची सही घ्या. हीच ताबा-पावती. ते सही करत नसतील, तर प्रत्येक खोलीचा आणि मीटरचा व्हिडिओ काढा आणि त्याच मिनिटाला त्यांना पाठवा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. वर ताईंच्या उत्तरात ही पावती किती वेळा कामी आली ते तुम्ही ऐकलेच.

दहा दिवस गेले आणि पैसे आले नाहीत, तर? पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा हे दिवाणी प्रकरण आहे असेच सांगतील, आणि फसवणुकीचा वेगळा प्रकार नसेल तर ते बरोबरही आहे. त्याऐवजी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नाशकात जिल्हा न्यायालयात आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तेथे दावा न लावताच, दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. घरमालकाला नोटीस जाते आणि लोक अदालतीत समोरासमोर बोलणे होते. तेथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. समोरचा आलाच नाही किंवा तडजोड झाली नाही, तर मात्र दावा लावावा लागतो. पैसे देणे झाले त्या दिवसापासून त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते.

तेथे जाताना करार, ताबा-पावती, अनामत दिल्याचा बँकेचा उतारा, घरमालकाचे पत्र, आपले उत्तर आणि पोस्टाची पावती, एवढे सहा कागद एका पिशवीत घाला. तारखेप्रमाणे लावा, जुना खाली आणि नवा वर. मूळ कागद कोणाच्या हाती सोपवू नका, झेरॉक्स द्या. आणि तडजोडीला बसण्याआधी, कमीत कमी किती रकमेवर आपण मान्य होऊ, तो आकडा घरी ठरवून जा. ताईंचे येणे २८,४६० आहे. नळाचे सहाशे सोडून वाद मिटत असेल तर सोडावेत का, हे त्यांनी शांतपणे घरी ठरवावे, तेथे सगळ्यांसमोर नाही.